पहिल्या पावसावर सोयाबीन पेरू नका: निफाड-येवला-सिन्नर भागासाठी बी-खत दुकानाची सूचना

बीखतवाला | 5 जून, रात्री 9:10

राम राम मंडळी. निफाड तालुक्यात आमचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानाबाहेरच्या फळ्यावर सूचना लिहितो, ती यंदा इथंही टाकतोय. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माल कुठूनही घेतला तरी सूचना तीच लागू आहे.

*शेतकरी बंधू-भगिनींनो,*

*एका पावसावर सोयाबीन पेरू नका. सगळा मिळून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या. खुरपीनं उकरून बघा, पाच-सहा इंच खोल ओल लागली पाहिजे. वाफसा आला की मगच पेरा.*

*घरचं सोयाबीन पेरणार असाल तर आधी शंभर दाणे उगवून बघा. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो बी पुरतं. कमी उगवले तर दुकानात येऊन विचारा, किती वाढवायचं ते सांगतो.*

*बी विकत घेतलंत तर पक्कं बिल घ्या. बिलावर वाण, कंपनी आणि लॉट नंबर लिहून घ्या. पिशवी खालच्या बाजूनं उसवा, वरची शिलाई आणि टॅग तसाच राहू द्या. मूठभर बी पिशवीतच ठेवून पिशवी जपून ठेवा.*

*खत बियाला चिकटेल असं पेरू नका. बीजप्रक्रिया केल्याशिवाय पेरू नका.*

*युरिया किंवा डीएपीबरोबर दुसरी कुठली वस्तू घ्यायची सक्ती कुणीही करू शकत नाही. आमच्याकडं कुणी केली तर मला थेट सांगा.*

एवढंच. प्रश्न असतील तर विचारा, दुकान बंद झाल्यावर रात्री उत्तर देतो.

गोदाकाठ | 5 जून, रात्री 9:48

सूचना चांगली आहे, पण 75-100 मिलिमीटर मोजत बसलो तर आर्द्रा लागेल. आमच्याकडं मृगाची पेरणी म्हणजे पहिल्या नंबराची पेरणी. वडील मृगाच्या पहिल्या पावसावर पाभर जुंपायचे आणि त्यांचं पीक कधी वाया गेलं नाही. उशिरा पेरलेलं सोयाबीन शेंगा भरायला लागतं आणि पाऊस पाठ फिरवतो.

बीखतवाला | 5 जून, रात्री 10:15

अण्णा, वडील पेरत होते ती बहुतेक बाजरी, भुईमूग नाहीतर मूग-उडीद असणार. बाजरीचं बी बारीक, ते थोड्या ओलीवर निघतं. सोयाबीनचा दाणा उगवायला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी ओढून घेतो. अर्धंच पाणी मिळालं तर फुगतो, आतून हलतो आणि ओल तुटली की तिथंच मरतो. मग दुबार पेरणी.

उशिराचं म्हणाल तर सोयाबीनला 15 जुलैपर्यंत पेरता येतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलं म्हणून काही बिघडत नाही. त्यापुढं जसजसा उशीर होईल तसा उतारा घटतो, ते तुमचं बरोबर आहे.

2025 आठवून बघा. 26 मे ला मॉन्सून मुंबईत पोचला, सगळीकडं पाणीच पाणी. पण पुढं जूनच्या मध्यापर्यंत तो अडकून पडला. मे मधल्या ओलीवर ज्यांनी घाई केली त्यांना ते दोन आठवडे जड गेले.

पेठ_डोंगर | 6 जून, सकाळी 7:02

आमच्याकडं पेठला 100 मिलिमीटर एका दिवसात पडतो. मग काय दुसऱ्या दिवशी पेरायचं का? नागली आणि भाताची रोपं तर पहिल्या पावसावरच टाकतो आम्ही. राब भाजून ठेवलाय.

बीखतवाला | 6 जून, सकाळी 7:40

दादा, ही सूचना सोयाबीनसाठी आहे, तीही पूर्व भागातल्या. तुमची रोपं टाकायची पद्धत वेगळी, पाऊसमान वेगळं. भात-नागलीच्या रोपासाठी तुम्ही करताय तेच करा.

पण एका दिवसात 100 पडला तर काय, हा प्रश्न आमच्याकडंही येतो, म्हणून सांगतो. धो धो पडलेल्या पावसाचं बरंच पाणी ओढ्याला जातं. काळ्या रानात वरचा थर चिखल होतो आणि खाली कोरडं राहतं. पर्जन्यमापकात 60 दिसले तरी जमिनीत 60 मुरले असं नसतं. म्हणून सूचनेत पावसाचा आकडाही आहे आणि खुरपीही आहे. दोन्ही जुळले पाहिजेत, आणि आकडा आणि खुरपी वेगळं बोलायला लागले तर मी खुरपीचं ऐकतो.

मोसमखोरे | 6 जून, दुपारी 1:25

आमच्या गावात पर्जन्यमापक नाही. मंडळाचा आकडा येतो तो दहा किलोमीटरवरचा. तिथं पडतो आणि आमच्याकडं फुफाटा असतो. मोजायचं कसं?

सिन्नरची_शेती | 6 जून, दुपारी 2:10

दादा, मी तेलाचा पत्र्याचा डबा वरून पूर्ण कापून ठेवते. भिंती सरळ उभ्या पाहिजेत, खाली निमुळता डबा चालत नाही. झाडापासून, छपरापासून लांब उघड्यावर ठेवायचा, चार दगड लावायचे. पाऊस थांबला की शाळेची पट्टी आत उभी धरायची. पाणी जितके मिलिमीटर तितका पाऊस. रोज सकाळी मोजून ओतून द्यायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं.

काका, माझा खरा प्रश्न बियाचा आहे. घरचं फुले संगम आहे, गेल्या हंगामातलं. उगवून बघायचं म्हणजे नेमकं कसं? बशीत कापसावर ठेवलं तर बुरशी आली.

गोदाकाठ | 6 जून, संध्याकाळी 6:30

ताई, एवढा खटाटोप कशाला? पाण्यात टाका शंभर दाणे. दहा मिनिटांत जे टम्म फुगतील ते जिवंत, बाकीचे मेलेले. मी तसंच बघतो.

बीखतवाला | 6 जून, रात्री 9:20

अण्णा, पाण्याची चाचणी खरी आहे, पण वाचायची उलटी. सोयाबीनचं साल फार पातळ असतं. साल शाबूत असेल तर पाणी हळूहळू शिरतं आणि पाच-सात मिनिटांत सालावर सुरकुत्या पडतात. साल चिरलेलं असेल तर पाणी एकदम आत घुसतं आणि दाणा सुरकुती न पडता फुगतो. म्हणजे जे लगेच टम्म फुगले ते खराब, सुरकुतले ते चांगले. आणि ही चाचणी फक्त साल सांगते. साल चांगलं असून आतला कोंब मेलेला असू शकतो. म्हणून ती घाईच्या वेळी ठीक, पण निर्णय उगवणीवरच घ्यायचा.

ताई, बशी नको. गोणपाटाचा तुकडा घ्या, धुऊन ओला करून पिळून घ्या. पाणी ठिबकायला नको, नुसता ओलसर पाहिजे. तुमच्या कापसात पाणी साचलं म्हणून बुरशी आली. पोत्याच्या वरून, मधून, तळातून असे तीन ठिकाणचे दाणे एकत्र करा आणि त्यातले न निवडता शंभर मोजा. लोक इथं चुकतात, हात आपोआप चांगल्या दाण्याकडं जातो. दहा-दहाच्या ओळी लावा, दाण्याला दाणा लागू देऊ नका. वर दुसरा ओला तुकडा घाला, गुंडाळी करा, सुतळीनं सैल बांधा, सावलीत ठेवा. रोज हलकं पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडा.

मोजताना ज्याचं मूळ सरळ आणि जाड आहे, दोन्ही डाळी शाबूत आहेत, तोच चांगला. नुसता टोकाला कोंब दिसतोय, मूळ वाकडं-तुटकं आहे, डाळीवर तपकिरी डाग पडून मऊ झाल्यात, असे धरू नका. रानात ते मातीतून वर येत नाहीत.

येवलेकर | 7 जून, सकाळी 8:05

मी मका करतो, सहा एकर. लष्करी अळीचा ताप आहे म्हणून घरी बीजप्रक्रिया करणार. वर लिहिलंय बीजप्रक्रियेशिवाय पेरू नका. कुठलं औषध घेऊ?

बीखतवाला | 7 जून, सकाळी 8:30

भाऊ, तुमची मक्याची पिशवी उघडून बघा. बी लाल, निळं किंवा हिरवं रंगवलेलं दिसलं तर कंपनीनंच प्रक्रिया करून दिलंय. पिशवीवर औषधाचं नाव छापलेलं असतं, ते वाचा. त्यावर परत औषध चोळलं तर पैसे जातात आणि उगवण मार खाते. अळीसाठी पीक दहा-बारा दिवसांचं झाल्यापासून पोंगा बघत राहा. मक्याचं सविस्तर वेगळ्या धाग्यात बोलू, इथं गल्लत होईल.

कृषी_पदवीधर | 7 जून, सकाळी 10:50

दुकानदार काकांना एक विचारतो. तुम्ही बीजप्रक्रियेत रासायनिक बुरशीनाशक आणि रायझोबियम दोन्ही सांगता का? बुरशीनाशकानं जिवाणू मरतात. मग दोन्ही विकायचं कशाला?

बीखतवाला | 7 जून, रात्री 9:35

प्रश्न रास्त आहे. मी क्रम सांगतो तो असा. 30 किलो बियाला कार्बोक्सिन अधिक थायरमचं मिश्रण किलोला 3 ग्रॅम, म्हणजे 90 ग्रॅम. खोडमाशी दर वर्षी येते त्या रानासाठी थायामेथोक्झाम 30 एफएस किलोला 10 मिली, म्हणजे 300 मिली. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक. सावलीत सुकू द्यायचं. पेरायच्या दिवशी सकाळी, सगळ्यात शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी किलोला 25 ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. लगेच पेरायचं. असं केल्यानं जिवाणू औषधाशी थोडाच वेळ लागतात.

हातानं रगडायचं नाही, हे फार महत्त्वाचं. ताडपत्रीवर बी पसरा, पातळ केलेलं औषध शिंपडा, दोघांनी ताडपत्रीची चार टोकं धरून बी इकडून तिकडं लोळवा. रगडलं की साल सुटतं आणि मग कितीही भारी औषध लावा, दाणा गेलाच. हातमोजे घाला, पाणी कमीत कमी वापरा.

कृषी_पदवीधर | 7 जून, रात्री 10:20

क्रम पुस्तकात आहे, मान्य. पण थायरमचा थर दाण्यावर असतोच, जिवाणू त्यालाच चिकटवता. ज्या रानात मर किंवा मूळकुज कधी आली नाही तिथं मी रासायनिक बुरशीनाशक वगळून ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम देईन. गाठी मुळावर मोजून बघा, फरक दिसेल.

बीखतवाला | 7 जून, रात्री 10:41

निचऱ्याच्या रानात तुमचं म्हणणं चालेल. गोदाकाठच्या चोपण, पाणी धरणाऱ्या रानात मी बुरशीनाशक सोडायला सांगणार नाही. तिथं पेरल्यावर दोन दिवस पाणी साचलं की दाणा कुजतो. यावर आपण दोघं एकमत होणार नाही, हरकत नाही. ज्याला जमेल त्यानं दोन-दोन ओळी दोन्ही पद्धतीनं पेरून चाळीस दिवसांनी मुळं उपटून बघावीत.

मोसमखोरे | 8 जून, सकाळी 9:15

माझं गाऱ्हाणं खताचं आहे. आमच्या भागातल्या एका दुकानात दोन गोण्या डीएपी मागितल्या तर सोबत झिंकची बाटली आणि कसलंसं टॉनिक घ्यायला लावलं. नाही म्हटलं तर डीएपी संपलं. डोळ्यांसमोर गोण्या रचलेल्या. शेवटी घेतलं, काय करणार? बिलही साधं कागदावर.

बीखतवाला | 8 जून, रात्री 9:05

दादा, वाचून वाईट वाटलं. हे बेकायदा आहे, आमच्या धंद्यातल्या माणसानं केलं तरी बेकायदाच. अनुदानाचं खत ई-पॉस मशीनवर अंगठा घेऊनच विकायचं असतं आणि मशीनमधून पावती निघते. पावतीवर जेवढ्या गोण्या, तेवढ्याच तुमच्या नावावर. साध्या कागदावर दिलं म्हणजे तक्रारीला पुरावाच राहत नाही. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना आहे, छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त द्यायचा नाही. साठा आणि दर फळ्यावर लिहिणं दुकानदाराला बंधनकारक आहे, त्या फळ्याचा मोबाइलवर फोटो काढा. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही.

एक बाजू आमचीही सांगतो. काही वेळा वरूनच डीएपीच्या गाडीबरोबर दुसरा माल गळ्यात मारला जातो, मग दुकानदार तो शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो. आमच्यावर ती वेळ आली तेव्हा आम्ही गाडीच घेतली नाही आणि आठवडाभर डीएपीशिवाय दुकान चालवलं. गिऱ्हाइकं ओरडली, पण सुपर फॉस्फेट देऊन भागवलं.

सिन्नरची_शेती | 8 जून, रात्री 9:50

काका, डीएपी नसेल तर सुपर फॉस्फेटनं खरंच भागतं? आमच्याकडं सगळे म्हणतात डीएपीशिवाय सोयाबीन येत नाही.

बीखतवाला | 8 जून, रात्री 10:30

भागतं, आणि सोयाबीनला एका बाबतीत जास्त चांगलं. राहुरी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 50 नत्र, 75 स्फुरद, 45 पालाश. एकराला 20, 30 आणि 18 किलो. डीएपीनं द्यायचं तर 65 किलो डीएपी, वर 18 किलो युरिया आणि 30 किलो पोटॅश.

सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्के, म्हणून 30 किलोसाठी जवळपास पावणेचार गोण्या लागतात. त्यात नत्र नसतं, म्हणून युरिया 43 किलो, म्हणजे गोणीला थोडा कमी. पोटॅश तेवढंच. गोण्या जास्त उचलाव्या लागतात, मजुरी वाढते, हे खरं. पण सुपर फॉस्फेटमधून एकराला वीसेक किलो गंधक फुकट मिळतं. तेलबियांना गंधक लागतंच आणि डीएपीत ते नसतं. माती परीक्षणाचा कागद असेल तर त्याप्रमाणं कमी-जास्त करा, पालाश आपल्या काळ्या रानात बऱ्याचदा भरपूर निघतं.

खत बियाच्या खाली-बाजूला दोन बोटं अंतरावर पडलं पाहिजे. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला दोन पेट्या असतात, नळ्या नीट लावून घ्या. एकाच पेटीत बी आणि युरिया कालवून पेरलं तर दाणे भाजतात. आणि पुढं महिन्यानं युरियाची वरखत देऊ नका. गाठी नत्र बनवायला लागल्यावर युरिया दिला की झाड नुसतं उंच होतं.

सिन्नरची_शेती | 14 जून, सकाळी 7:20

काका, आज गुंडाळी उघडली. चांगले 58. वाकडे-तुटके 13. बाकीचे कुजले किंवा तसेच. आता काय करू? बी फेकून देऊ?

बीखतवाला | 14 जून, दुपारी 1:05

ताई, थांबा. मळणी कशी केली आणि पोती कुठं ठेवली होती ते आधी सांगा.

सिन्नरची_शेती | 14 जून, दुपारी 1:40

भाड्याचं मळणी यंत्र होतं, पावसाची भीती म्हणून फुल स्पीडनं काढलं. पोती पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीवर, एकावर एक. ट्रॉलीतून खाली टाकली तेव्हा उचलून ठेवली नाहीत, फेकलीच.

बीखतवाला | 14 जून, रात्री 9:15

तिथंच उत्तर आहे. बियासाठी मळणी करायची तर यंत्राचे फेरे मिनिटाला 300 ते 400 च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. फुल स्पीडला दाणा दिसायला चांगला राहतो, आतून फुटतो. वर पोतं फेकलं, पत्र्याखाली उन्हाळा काढला. विकत घेतलेली पिशवीही अशीच जपावी लागते, टेंपोतून आपटलेली पिशवी मी परत पाठवतो.

फेकू नका. चाळणीनं बारीक आणि फुटके दाणे काढा. मग सुपात घेऊन कोरडेच सुरकुतलेले, डागाळलेले, साल निघालेले हातानं वेचून बाजूला काढा. त्यानंतर परत शंभर दाण्यांची गुंडाळी लावा. अजून पाऊस कुठं पुरेसा झालाय, आठवडा आहे हातात.

गोदाकाठ | 15 जून, सकाळी 6:50

दुकानदार घरचं बी वापरा सांगतोय, हे पहिल्यांदा पाहिलं. मग तुमची विक्री कशी होणार?

बीखतवाला | 15 जून, सकाळी 8:10

अण्णा, सोयाबीन स्वपरागी पीक आहे. एकदा प्रमाणित बी आणलं की तीन वर्षं घरचं वापरता येतं, वाण बदलत नाही. मी ते लपवलं तरी तुम्हाला कळणारच. मक्याचं संकरित बी मात्र दर वर्षी नवं लागतं, ते घरचं पेरून चालत नाही. आणि ज्याचं सोयाबीन उगवलं नाही तो माणूस पुढच्या वर्षी माझी उधारी फेडू शकत नाही. मला पीक आलेला शेतकरी पाहिजे.

तीन वर्षं झाली असतील तर बी बदला. प्रमाणित बियाला निळा टॅग असतो, कंपनीच्या सत्यप्रत बियाला हिरवट लेबल. दोन्हींवर चाचणीची तारीख आणि मुदत बघा. सोयाबीनला किमान 70 टक्के उगवण लिहिलेली पाहिजे. आणि विकतच्या बियाचीही गुंडाळी लावा. टॅगवरचा आकडा चाचणीच्या दिवसाचा असतो, तुमच्या घरी पोचेपर्यंत पिशवीनं काय भोगलं ते टॅगला ठाऊक नसतं.

मोसमखोरे | 17 जून, रात्री 8:15

काल संध्याकाळी आमच्याकडं तासाभरात 38 मिलिमीटर, डब्यानं मोजला. गावात आज चार ट्रॅक्टर पेरणीला निघाले. मी उकरून बघितलं, तीन बोटं ओल, खाली कोरडी भुकटी. शेजारी म्हणतो उद्या परत पडणार. मोह होतोय.

बीखतवाला | 17 जून, रात्री 9:00

पेरू नका दादा. तुमच्या खुरपीनं उत्तर दिलंय. तीन बोटांची ओल दोन दिवसांच्या उन्हात निघून जाते आणि दाणा तर त्याच थरात, 3-4 सेंटिमीटरवर पडलेला असतो. उद्या पडला तर उत्तम, परवा बघा.

गोदाकाठ | 17 जून, रात्री 9:30

मी पण थांबलोय यंदा. खालच्या चार एकरांत. वरच्या मुरमाड तुकड्यात मात्र बाजरी पेरली.

सिन्नरची_शेती | 21 जून, संध्याकाळी 6:10

डब्याचा हिशेब: 21, मग 9, मग दोन दिवस काही नाही, मग 34, आज सकाळी 17. एकूण 81. खुरपीला सहा इंच ओल. माती मुठीत धरली तर गोळा होतो, वरून टाकला की फुटतो, हाताला चिखल लागत नाही.

बी चाळून, वेचून दुसरी गुंडाळी आज उघडली. 67. साधारण पाचवा हिस्सा बी बाजूला निघालं.

बीखतवाला | 21 जून, रात्री 9:10

ताई, उत्तम. 30 ला 70 नं गुणा, 67 नं भागा, 31 किलो आणि थोडं. एकरी साडेएकतीस किलो धरा. पहिल्या 58 वर तेच 36 किलो लागलं असतं आणि रोपं विरळ-दाट आली असती. दोन ओळींत 45 सेंटिमीटर, 3 ते 4 सेंटिमीटर खोल. पाचच्या खाली जाऊ देऊ नका. वाफसा तुम्ही सांगितलात तोच. उद्या सकाळी जिवाणू लावा आणि पेरा.

येवलेकर | 29 जून, सकाळी 7:30

मक्याबरोबर दोन एकर सोयाबीनही टाकलं होतं, विकतचं. आठ दिवस झाले, निम्मंच उगवलंय. बी बोगस आहे. कंपनीवर तक्रार करणार. उद्या मोडून परत पेरतो.

बीखतवाला | 29 जून, सकाळी 7:55

भाऊ, मोडू नका. आधी जिथं उगवलं नाही तिथली ओळ हातभर लांब उकरा आणि दाणे शोधून हातात घ्या.

दाणा टणक, कोरडा सापडला तर त्याला ओलच मिळाली नाही. फुगून मूळ निघालं आणि सुकलं असेल तर ओल मधेच तुटली. कोंब मातीखाली वाकडा होऊन, मान मोडून पडलेला असेल तर खोल पडलं किंवा पेरल्यावर जोराचा पाऊस होऊन वर पापुद्रा धरला. यातलं काहीही असलं तरी दोष बियाला देता येत नाही. दाणा मऊ, चिकट, वास येणारा असेल तर दोन शक्यता: पाणी साचलं किंवा बी आधीच मेलेलं होतं. रानात पाणी साचलं नसेल आणि सगळीकडं असेच दाणे सापडले तर बियावर संशय घ्यायला जागा आहे.

येवलेकर | 29 जून, दुपारी 12:20

उकरलं. वरच्या अर्ध्या भागात बरेच कोंब मान मोडलेले, वर कडक पापुद्रा. खालच्या बाजूला मात्र मऊ, वास येणारे. तिथं पाणी साचलं नव्हतं, उतार आहे.

बीखतवाला | 29 जून, दुपारी 1:10

म्हणजे दोन वेगळी कारणं दिसतात. वरच्या भागात आजच संध्याकाळी हलकं पाणी द्या, तुषार असेल तर उत्तम, किंवा पापुद्रा हलक्या हातानं मोडा. जिवंत कोंब असतील ते निघतील.

खालच्या भागासाठी आजच तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज करा. सोबत बिल, टॅग आणि पिशवीतलं उरलेलं बी. तालुक्याची तक्रार समिती रान बघायला येते, पंचनामा होतो. त्याआधी मोडलंत तर बघायला काही राहत नाही. पिशवी आहे ना?

येवलेकर | 29 जून, दुपारी 1:32

एक आहे, टॅगसकट. दुसरी पिशवी बायकोनं शेंगा ठेवायला वापरली. बिल आहे. बी उरलेलं थोडंसं आहे, ओंजळभर.

कृषी_पदवीधर | 29 जून, दुपारी 2:15

ओंजळभर बी कमी पडेल, प्रयोगशाळेला जास्त लागतं. दुकानदाराकडं त्याच लॉटच्या पिशव्या शिल्लक असतील तर अर्जात तसं लिहा, निरीक्षकाला तिथून नमुना घेता येतो. लॉट नंबर बिलावर असेल तरच हे जमेल.

येवलेकर | 29 जून, दुपारी 2:40

बिलावर आहे लॉट नंबर. निघालो तालुक्याला.

सिन्नरची_शेती | 30 जून, सकाळी 8:00

आमचं सातव्या दिवशी सगळं वर आलं, ओळी भरल्यात. काका, औषध लावलेलं चार-पाच किलो बी उरलंय. मार्केटला सोयाबीनमध्ये मिसळून देऊ का? नाहीतर कोंबड्यांना?

बीखतवाला | 30 जून, सकाळी 8:12

अजिबात नको ताई. ते विष आहे, माणसाला, कोंबडीला, गाईला, सगळ्यांना. धुऊनही जात नाही. जिथं रोपं पडली नाहीत तिथं या दोन-तीन दिवसांत नांग्या भरायला वापरा. तरी उरलं तर विहिरीपासून, ओढ्यापासून लांब खोल खड्डा करून पुरा. रिकामी बाटली पाण्याला वापरू नका, भोक पाडून टाका. बीजप्रक्रियेला वापरलेली ताडपत्री धान्य वाळवायला घेऊ नका, तिच्यावर खूण करून वेगळी ठेवा.